घरगुती डबा: आठवड्याचा मेनू आणि वाटीवाटीचा हिशेब

बेळगावात घरगुती डबा सुरू करायचा म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "किती रुपये लावू?" शेजारच्या गल्लीतली बाई सत्तर घेते म्हणून आपणही सत्तर लावतो. महिना संपतो तेव्हा हातात काही उरलेलं नसतं, आणि पैसा नेमका कुठे गेला तेही कळत नाही. दर शेवटी ठरवायचा असतो. त्याआधी डब्यात काय आणि किती जाणार हे ठरवायचं, मग आठवडा मांडायचा, मग खर्च काढायचा. खाली वीस डब्यांचा एक आठवडा अथपासून इतिपर्यंत मांडला आहे. सोमवार ते शनिवार, फक्त दुपारचा, शाकाहारी डबा. भाव नमुन्यादाखल घेतले आहेत. तुम्ही आपल्या किराणा दुकानाच्या पावतीवरचे आणि मंडईतले भाव घाला. रीत बदलत नाही.

आधी डब्याचं माप बांधा

गिऱ्हाईक कोण आहे त्यावर माप ठरतं. उद्यमबागच्या फौंड्रीत उभ्याने काम करणाऱ्याला चार चपात्या किंवा दोन जाड भाकऱ्या लागतात. टिळकवाडीच्या ऑफिसातली बाई तीन चपात्यांतली एक परत पाठवते. दोघांना एकच डबा दिलात तर एक उपाशी राहतो आणि दुसऱ्याचं अन्न वाया जातं. म्हणून मूळ डबा एकच ठेवा आणि जादा चपातीचा दर वेगळा सांगा. आपला मूळ डबा असा: तीन चपात्या, एक वाटी सुकी भाजी, एक वाटी आमटी किंवा रस्सा, भात, आणि चटणी, लोणचं नाहीतर कोशिंबीर.

आता ही मापं वजनात बांधायची. त्यासाठी दहा किलोपर्यंतचा डिजिटल काटा हवाच. चपातीचा गोळा ५० ग्रॅमचा धरा. एक किलो पिठात साधारण ६०० ते ६५० मिली पाणी जातं, वर थोडं तेल. सव्वासोळाशे ग्रॅमच्या आसपास कणीक होते आणि बत्तीस चपात्या निघतात. तांदूळ माणशी ६० ग्रॅम कच्चा. आमटीला तूरडाळ २५ ग्रॅम. उसळीला कोरडी मटकी ३५ ग्रॅम, मोड आल्यावर ती दुपटीहून जास्त भरते. सुक्या भाजीला निवडून-चिरून तयार झालेला माल १०० ग्रॅम. ज्वारीच्या एका भाकरीला ७० ग्रॅम पीठ, म्हणजे किलोच्या चौदा भाकऱ्या.

तेलही वजनानेच धरायचं. दुकानात ते लिटरवर मिळतं, पण एक लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं. १५० रुपये लिटरचं तेल म्हणजे ग्रॅमला साडेसोळा पैसे. चपातीला घडीत आणि वरून मिळून ३ ग्रॅम तेल लागतं, म्हणजे पन्नास पैसे. गहू ३६ रुपये आणि गिरणीचे ५ असं ४१ रुपये किलोचं पीठ धरलं तर पिठाचे एक रुपया तीस पैसे होतात. चपाती एक रुपया ऐंशी पैशांना पडली. तीन चपात्या ५.४०.

भाजीचा भाव निवडल्यावरचा धरा

नव्याने सुरुवात करणाऱ्यांचा हिशेब बहुतेक इथेच चुकतो. मंडईत फ्लॉवर ५० रुपये किलो मिळाला म्हणून वहीत ५० लिहितात. पण पानं, देठ आणि मधला दांडा काढला की किलोतला जेमतेम ५५० ग्रॅम फ्लॉवर कढईत पडतो. म्हणजे कढईतला फ्लॉवर ९१ रुपये किलोचा झाला. सूत्र साधं आहे: खरेदीचा भाव भागिले निवडल्यावर उरलेला भाग.

बटाटा सोलून किलोमागे ८५० ग्रॅम उरतो. कोबी आणि दुधी ८०० ग्रॅमच्या वर राहतात. भेंडी आणि वांगी नऊशेच्या आसपास. शेंगेतला मटार सोलला की चारशे-सव्वाचारशे ग्रॅमच दाणे हाती येतात, म्हणून ४० रुपयांचा मटार प्रत्यक्षात शंभरीला जातो. मेथीच्या पेंडीत निम्म्याहून कमी पाला असतो. हे आकडे तुमच्या मंडईतल्या मालावर आणि निवडणाऱ्या हातावर थोडे वरखाली होतील. म्हणून प्रत्येक भाजी पहिल्यांदा करताना निवडण्याआधी आणि नंतर असं दोनदा वजन करा आणि वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा. महिनाभरात तुमच्याकडे वीसेक भाज्यांचा स्वतःचा तक्ता तयार होतो, आणि तो कुठल्याही पुस्तकातल्या तक्त्यापेक्षा खरा असतो.

पालेभाजीत दुसरी एक फसगत आहे. शंभर ग्रॅम निवडलेली मेथी शिजून निम्म्यावर येते आणि वाटी अर्धी दिसते. वाटी भरायची म्हणून पेंड्या वाढवल्या की स्वस्त भाजी महाग होऊन बसते. उपाय घरोघरी माहीत असलेलाच आहे: मेथीत मूगडाळ, शेपूतही मूगडाळ, पालक असेल तर डाळ-पालक. माणशी ५० ग्रॅम पाला आणि १५ ग्रॅम मूगडाळ घातली तर वाटी भरते आणि भाजीला पाणीही सुटत नाही.

सोमवारचा डबा, पैशापर्यंत

सोमवारचा मेनू: चपाती, फ्लॉवर-बटाटा, तुरीची आमटी, भात, शेंगदाण्याची चटणी. वीस डबे.

भाजीला माणशी ६० ग्रॅम फ्लॉवर आणि ४० ग्रॅम बटाटा. वीस जणांना निवडलेला फ्लॉवर १२०० ग्रॅम हवा, म्हणून आणायचा २ किलो २०० ग्रॅम: ११० रुपये. बटाटा सोललेला ८०० ग्रॅम, आणायचा साडेनऊशे ग्रॅम: ३० रुपये किलोने साडेअठ्ठावीस. तेल माणशी ५ ग्रॅम, एकूण १०० ग्रॅम: साडेसोळा. कांदा-टोमॅटो १८, आलं-लसूण-कोथिंबीर ८, कांदा-लसूण मसाला ५० ग्रॅम २० रुपये. बेरीज २०१. डब्याला दहा रुपये पाच पैसे.

निवडण्यातली घट धरली नसती तर फ्लॉवर ६० आणि बटाटा २४ मिळून ८४ रुपये लिहिले असते. प्रत्यक्षात गेले १३८.५०. एका दिवसात साडेचोपन्न रुपयांची तूट, तीही एकाच भाजीत.

आमटीला तूरडाळ अर्धा किलो, १३० रुपयांच्या भावाने ६५. फोडणीचं तेल १०. टोमॅटो, कढीपत्ता, लसूण, चिंच-गूळ आणि मसाला मिळून २०. एकूण ९५, डब्याला ४.७५. साठ चपात्या १०८ रुपये. तांदूळ एक किलो दोनशे ग्रॅम, ५५ रुपयांनी ६६. चटणी माणशी १० ग्रॅम, दाणे, लसूण आणि तिखट मिळून ३४. सगळं जमेला धरलं तर ५०४ रुपये, म्हणजे डब्याला २५.२०. मीठ, हळद, करपलेली एखादी चपाती, पातेल्याला चिकटलेला भात, अशी सांडलवंड पाच टक्के धरा. सोमवारचा डबा साडेसव्वीस रुपयांना पडला.

असाच कागद प्रत्येक पदार्थाचा एकदा करून ठेवायचा. एका पदार्थाला एक पान, वर माप, खाली भाव पेन्सिलने, कारण भाव बदलत राहतात आणि माप तसंच राहतं.

आठवडा जुळवताना

रोजचा डबा एकाच खर्चात बसवायचा हट्ट धरला तर गिऱ्हाईक पंधरा दिवसांत कंटाळतं. दोन दिवस थोडा खर्च करायचा आणि चार दिवस हात आखडायचा, ही डब्याच्या धंद्यातली खरी विद्या आहे. महाग दिवस गिऱ्हाइकाच्या लक्षात राहिला पाहिजे आणि स्वस्त दिवस स्वस्त वाटता कामा नये.

| वार | डब्यात काय | अन्नखर्च (सांडलवंड धरून) |
|---|---|---|
| सोमवार | चपाती, फ्लॉवर-बटाटा, तुरीची आमटी, भात, शेंगदाणा चटणी | २६.५० |
| मंगळवार | चपाती, मटकीचा रस्सा, कोबीची भाजी, भात, कांदा-लिंबू | २२.०० |
| बुधवार | ज्वारीच्या दोन भाकऱ्या, भरली वांगी, आमटी, भात, दही | ३३.०० |
| गुरुवार | चपाती, मेथी-मूगडाळ, अख्ख्या मसुराची आमटी, भात, लोणचं | २३.०० |
| शुक्रवार | चपाती, बटाट्याची सुकी भाजी, चवळीचा रस्सा, भात, काकडीची कोशिंबीर | २३.७० |
| शनिवार | दोन चपात्या, भेंडी, मसालेभात, मठ्ठा, शिरा | ३३.४० |

बेरीज १६१.६०, सहा दिवसांची सरासरी २७ रुपये.

मांडणी का अशी आहे ते पाहा. मंगळवारी आणि शुक्रवारी तूरडाळ नाही. मटकीचा आणि चवळीचा रस्साच पातळ ठेवला आहे, तो भातावर चालतो, त्यामुळे वेगळी आमटी लागत नाही. उसळ घट्ट केलीत तर भाताला काहीतरी ओलं द्यावंच लागतं आणि चार-पाच रुपये वाढतात. आपल्याकडच्या कन्नडभाषक गिऱ्हाइकाला हीच उसळ काळू पल्ल्या म्हणून घरची वाटते, त्यामुळे मंगळवारचा डबा सगळ्यांत स्वस्त असूनही त्याबद्दल तक्रार येत नाही.

बुधवारची भरली वांगी महाग पडतात ती वांग्यांमुळे नव्हे. वांगी डब्याला साडेपाच रुपयांचीच आहेत. दाणे, तीळ आणि खोबऱ्याचं कूट साडेतीन रुपयांच्या वर जातं, तेल १० ग्रॅम लागतं, आणि दोन भाकऱ्यांचे पावणेआठ रुपये होतात. शिवाय चाळीस भाकऱ्या थापायला दोन तवे आणि दोन बायका लागतात. म्हणून भाकरी आठवड्यातून एकदाच ठेवली आहे, आणि त्या दिवशी बाकीचं सगळं सोपं ठेवलं आहे. भाकरी आणि दोन चिरायच्या भाज्या एकाच दिवशी घेतल्यात तर साडेअकराला डबे निघत नाहीत.

शनिवारच्या शिऱ्यात खर्च तुपाचा आहे. माणशी ८ ग्रॅम तूप म्हणजे जवळपास पाच रुपये, रवा-साखर पावणेदोन. तूप मोजून घातलं नाही तर हा शिराच सगळा आठवडा खाऊन टाकतो.

मंगळवार आणि शुक्रवारऐवजी अजून दोन दिवस तेहतीस रुपयांचे डबे दिले तर काय होतं? सरासरी २७ वरून ३०.३० वर जाते. डब्यामागे तीन रुपये तीस पैसे गेले. ते किती मोठे आहेत हे पुढच्या हिशेबात दिसेल.

आठवडा मांडताना तयारीही त्यातच मांडा. मटकी मंगळवारी हवी तर रविवारी रात्री भिजत घालायची, सोमवारी सकाळी उपसून फडक्यात बांधायची, मंगळवारी पहाटे मोड तयार असतात. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत मोड यायला बराच जास्त वेळ लागतो, तेव्हा फडकं झाकणाच्या डब्यात ठेवून ओट्याच्या उबदार कोपऱ्यात ठेवा. उलट मार्च ते मे मोड लवकर येतात आणि वास धरतात. फडकं दिवसातून एकदा धुऊन परत बांधा. त्याच दिवसांत ओल्या खोबऱ्याचं वाटण रश्श्यातून काढून टाका आणि सुकं खोबरं भाजून घाला. सकाळी नऊला केलेला ओल्या खोबऱ्याचा रस्सा दुपारी एकला डबा उघडेपर्यंत आंबलेला असू शकतो, आणि वरचा फेस पाहून गिऱ्हाईक पुढच्या महिन्याचा डबा बंद करतं. दही-मठ्ठाही उन्हाळ्यात शेवटी, डबा निघताना भरा.

अन्नाबाहेरचा खर्च

आता सोपा वाटणारा आणि सगळ्यात जास्त चुकणारा भाग. अन्नखर्च डब्याबरोबर वाढतो-घटतो. बाकीचा बराचसा खर्च डबे वीस असोत की चौदा, तेवढाच राहतो.

स्वयंपाक करणाऱ्या बाईची स्वतःची मजुरी दिवसाला ३०० धरली आहे. ती धरायचीच. घरच्या माणसाचे कष्ट फुकट धरले की प्रत्येक दर परवडल्यासारखा दिसतो, आणि ज्या दिवशी आजारपणात बदली बाई लावावी लागते त्या दिवशी धंदा तोट्यात जातो. चपात्यांना मदतनीस १२०. डबे पोचवून रिकामे परत आणणारा १६०. गॅस ८०. वीज, मिक्सर, पाणी, भांड्यांची डागडुजी ३०. एकूण ६९० रुपये रोज.

गॅस कसा काढायचा? नवं सिलिंडर लावलं की त्यावर तारीख चिकटवा, संपलं की मधले कामाचे दिवस मोजा आणि सिलिंडरच्या किमतीला भागा. धंद्याला १९ किलोचं व्यावसायिक सिलिंडर लागतं, घरगुती १४.२ किलोचं चालत नाही. म्हणून हिशेब पहिल्या दिवसापासून व्यावसायिक दरानेच करा. त्याचा दर महिन्याच्या १ तारखेला बदलतो, तेव्हा त्याच दिवशी हे पान तपासा. अन्नसुरक्षा नोंदणीही सुरुवातीलाच `foscos.fssai.gov.in` वर करून घ्या.

डब्याबरोबर वाढणारा एक छोटा खर्च राहिला: डब्याची झीज, साबण, घासणी, पिशवी. प्रत्येक गिऱ्हाइकाला दोन डबे लागतात, एक जातो आणि एक येतो. चारशेचे दोन डबे दोन वर्षं टिकले तर दिवसाला एक रुपया तीसेक पैसे होतात. साबणासकट २ रुपये धरा.

म्हणजे एका डब्यावर अन्न २७ आणि झीज २, असे २९ रुपये थेट जातात. आणि रोजचे ६९० रुपये सगळ्या डब्यांनी मिळून उचलायचे आहेत.

वीस डबे असतील तर प्रत्येकावर ३४.५० येतात, डबा ६३.५० ला पडतो. पण वीस गिऱ्हाइकं म्हणजे रोज वीस डबे नव्हेत. कुणी गावी जातं, कुणाची एकादशी, कुणाची संकष्टी, श्रावणी सोमवारी तर निम्मे नको म्हणतात. कॉलेजच्या मुलांची परीक्षा संपली की आठवडाभर खाडा. वर्षाची सरासरी अठरा धरून हिशेब करा. अठरावर ६९० वाटले की ३८.३३ येतात, आणि डबा ६७.३३ ला पडतो. दर ७५ लावलात तर डब्यामागे साडेसात-पावणेआठ रुपये उरतात. मघाशी मेनूत वाढवलेले ३.३० रुपये यातले जवळजवळ निम्मे होते, हे आता लक्षात येईल.

याच आकड्यांतून सगळ्यात उपयोगाची गोष्ट काढता येते. ७५ मधून थेट २९ वजा केले की प्रत्येक डबा ४६ रुपये मागे ठेवतो. ६९० ला ४६ ने भागलं तर १५ येतात. पंधरा डब्यांच्या खाली तुमच्या मजुरीला कात्री लागते, पंधराव्या डब्यावर मजुरी सुटते, आणि सोळाव्यापासून पुढचा प्रत्येक डबा ४६ रुपये नफा देतो. हा आकडा स्वयंपाकघरात कॅलेंडरवर लिहून ठेवा. सलग तीन आठवडे सरासरी सोळाच्या खाली राहिली तर आधी गिऱ्हाइकं वाढवायची, मेनूला हात लावायचा नाही. वाटीतली भाजी कमी केलीत तर उरलेले पंधराही जातील.

खाड्याचा नियम पहिल्याच दिवशी सांगा: आदल्या रात्री नऊपर्यंत कळवलं तर तो डबा महिन्यातून वजा, त्यानंतर नाही. रात्री नऊनंतर कडधान्य भिजलेलं असतं आणि भाजी आणलेली असते. काहीजण पैसे वजा न करता तेवढे दिवस पुढे ढकलतात. तेही चालतं, पण वहीत त्याचा वेगळा रकाना हवा, नाहीतर महिनाअखेर भांडण ठरलेलं.

हिशेब डब्यात उतरला का?

कागदावर १०० ग्रॅम आणि डावात १३० ग्रॅम, असं रोज होतं. एक नजर टाका: ओट्यावर वीस डबे उघडे मांडलेत, बाई डाव्या टोकापासून भाजी वाढत येते, पहिल्या पाच-सहा डब्यांत वाटी शिगोशीग, आणि सतराव्या डब्याला कढईचा तळ दिसतो. मग भरलेल्या डब्यांतून थोडी थोडी काढून शेवटच्या तिघांना पुरवायची. त्या तिघांना निम्मी भाजी जाते, आणि दुसऱ्या दिवशी खबरदारी म्हणून अर्धा किलो जादा आणली जाते. तिथून नफा गळायला लागतो.

यावर उपाय असा. प्रत्येक कढई आणि पातेल्याचं रिकामं वजन त्याच्या बुडाला कोरून किंवा पक्क्या शाईने लिहा. भाजी झाली की कढईसकट वजन करा, रिकामं वजन वजा करा, उरलं त्याला डब्यांनी भागा. फ्लॉवर-बटाटा १ किलो ९०० ग्रॅम भरला तर डब्याला ९५ ग्रॅम. पहिली वाटी काट्यावर ठेवून भरा, डाव कुठवर भरतो ते बघा, आणि पुढच्या सगळ्या त्याच मापाने. आठवड्यात हाताला सवय लागते, मग काटा आठवड्यातून एकदा पुरतो.

आणि चपात्या गरम गरम डब्यात कोंबू नका. फडक्यावर पसरून वाफ गेली की मगच घडी घालून भरा. ओल्या झालेल्या चपात्या परत येतात, आणि परत आलेली चपाती दोनदा पैसे खाते: एकदा पिठाचे, दुसऱ्यांदा गिऱ्हाइकाच्या मनातले.

शनिवारी संध्याकाळी अर्धा तास काढून शिल्लक मोजा. सोमवारी घरात होतं ते, अधिक आठवड्यात आणलं ते, वजा आता उरलं ते, म्हणजे वापरलं ते. वीस डब्यांना सहा दिवसांत कागदाप्रमाणे ३२३० रुपयांच्या आसपासचा माल लागायला हवा. दीडशे-दोनशे रुपयांचा फरक चालतो. पाचशेचा फरक आला तर सगळ्यात आधी तेल बघा. वरच्या मेनूला डब्यामागे आठवड्याला १०३ ग्रॅम तेल लागतं, वीस डब्यांना दोन किलोच्या थोडं वर, म्हणजे सव्वादोन लिटर. साडेतीन लिटर संपलं असेल तर फोडणीत तेल बाटलीतून थेट ओतलं जातंय. बाटली बाजूला ठेवा आणि एक लहान पळी नेमून द्या. तेल बरोबर निघालं तर मग दाणे, तूप आणि सुकं खोबरं बघा. धान्य-डाळीत सहसा गळती नसते, कारण ते मापानेच घेतलं जातं. पावसाळ्यात कीड लागून टाकलं असेल तेवढंच.

भाव चढले तर

प्रत्येक सुक्या भाजीला एक मर्यादा ठेवा. तेल-मसाला सोडून वाटीतला निवडलेला माल ७ रुपयांच्या आत हवा. शनिवारी थोडी सूट. भाजी त्यावर गेली की बदली भाजी ठरलेली असू द्या. फ्लॉवर चढला तर कोबी-बटाटा, मेथी चढली तर दुधी-चणाडाळ किंवा लाल भोपळा, भेंडी चढली तर गवार, आणि सगळीच मंडई पेटली तर झुणका. टोमॅटो महागला तर आमटीला चिंच किंवा आमसूल आहेच. महिन्याचा मेनू छापून देऊ नका, आठवड्याचाच द्या, आणि त्यात "सुकी भाजी बाजाराप्रमाणे" असं लिहा. मेनू मराठीत आणि कन्नडमध्ये दोन्ही लिहिलात तर आपल्या भागात "हे काय दिलंय" असे फोन येत नाहीत.

दर कधी वाढवायचा? तूरडाळ १३० वरून १७० झाली तर आपण घाबरतो. पण आमटीला डाळ २५ ग्रॅमच आहे, म्हणजे आमटीच्या दिवशी एक रुपया, आणि तुरीची आमटी आठवड्यातून दोनदाच. डब्याची सरासरी वाढते ती तेहतीस-पस्तीस पैशांनी. एवढ्यासाठी दर वाढवून गिऱ्हाईक दुखवू नका. तेलाचं मात्र वेगळं आहे, ते रोज प्रत्येक पदार्थात जातं. लिटरमागे ३० रुपये वाढले तर डब्यामागे साठ पैसे जवळजवळ कायमचे गेले. गॅस, मजुरी आणि तेल या तिघांतलं दोन वाढले, किंवा थेट खर्च २९ वरून ३२ च्या पुढे गेला आणि सलग महिनाभर तिथेच राहिला, तर दर पाच रुपयांनी वाढवा. पंधरा दिवस आधी सांगा आणि महिन्याच्या पहिल्या तारखेपासूनच लागू करा. ज्यांनी आगाऊ पैसे भरलेत त्यांना तो महिना जुन्या दरानेच द्या.